आधी पाणी, मग कापड: भाजल्यावरचा तक्ता मराठीत उतरवताना

प्रश्न: इंदूरच्या आमच्या मंडळात गणपतीच्या दहा दिवसांत रोज दीडशे-दोनशे पानं उठतात. स्वयंपाकघरात लावायला भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा इंग्रजी तक्ता मी मराठीत केला आहे: 'झाकण्यापूर्वी भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. त्यानंतर स्वच्छ मलमपट्टीने झाकावे. बर्फ, लोणी, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत.' शब्दशः बरोबर आहे, पण वाचताना क्रम कुठेतरी अडखळतो. काय बदलू?

उत्तर:

अडखळतं ते पहिल्याच शब्दाशी. इंग्रजीत 'पाण्याखाली धरा' आधी येतं आणि 'झाकायच्या आधी' मागून येतं. मराठीत 'पूर्वी'चं शेपूट असलेला भाग पुढे जाऊन बसतो, म्हणून तुमच्या तक्त्याचा पहिला शब्द 'झाकण्यापूर्वी' झाला. निवांत वाचणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. पण समोर कुणीतरी ओरडत असताना भिंतीकडे बघणारा माणूस एक-दोन शब्द उचलतो आणि वळतो. त्याच्या डोक्यात शिरतं ते 'झाका'.

इंदूरच्या एका हॉस्पिटलात भाजलेल्यांच्या वॉर्डात मी सव्वीस वर्षं सिस्टर होते. तुमच्यासारख्याच एका मंडळातला एक मुलगा आमच्याकडे आला होता, वय एकोणीस-वीस. दुपारची पंगत बसायची वेळ, आमटीचं मोठं पातेलं दोघांनी कडांना धरून उचललेलं, एकाचा पाय ओल्या फरशीवरून सरकला. आमटी याच्या डाव्या मांडीपासून पावलापर्यंत सांडली. अंगात जीन्स, पायात मोजे. भोवतालच्या चार माणसांनी धावाधाव केली, एकानं भिंतीवरचा कागद वाचला. पंचा ओला करून पायाला घट्ट गुंडाळला, जीन्सवरूनच. मोजा अर्धा खाली ओढून पावलाच्या वरच्या भागाला टूथपेस्ट फासली. मग रिक्षा, आणि चाळीस मिनिटांनी आमच्या दारात.

कात्रीनं जीन्स कापली तेव्हा आत मांडीला डाळीचा थर चिकटलेला होता. मोज्याच्या इलॅस्टिकची कडा सुजलेल्या घोट्यात रुतून बसली होती. पण माझ्या लक्षात राहिला तो त्याचा उजवा हात. मनगटावरही आमटी उडाली होती आणि सगळे पायापाशी असल्यामुळे त्या हाताकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. कुणी काही सांगायच्या आत पोरानं स्वतःच तो मोरीतल्या नळाखाली धरला आणि रिक्षा येईपर्यंत तिथंच ठेवला. मनगटावर लाली होती, दोन लहान फोड आले, दहा-बारा दिवसांत सगळं भरून आलं. घोट्यावर मात्र मांडीची कातडी काढून लावावी लागली. हा फरक एकट्या पाण्याचा होता असं मी म्हणणार नाही, कारण पायावर आमटी जास्त पडली आणि मोज्यानं ती धरूनही ठेवली. पण मोजा आधी निघाला असता आणि पाय नळाखाली गेला असता, तर तो घोटा इतका खोल गेला नसता, हे मी वॉर्डातल्या अनुभवावरून सांगते.

याचं कारण सांगते, म्हणजे क्रम पाठ करावा लागणार नाही. उकळतं काही अंगावर पडलं की वरची कातडी लगेच मरते, तिथं आपण काही करू शकत नाही. तिच्याभोवती आणि खाली एक पट्टा असतो, तो जगेल की मरेल हे अजून ठरलेलं नसतं. पातेलं बाजूला गेलं तरी मांसात शिरलेली उष्णता तिथंच असते आणि ती या पट्ट्याला आतून शिजवत राहते. पाण्यानं ती उष्णता बाहेर खेचली तर पट्टा वाचतो. आधी झाकलं, गुंडाळलं, वर काही थापलं, तर उष्णता आत कोंडते. म्हणून झाकणं दुसरं, आणि तेही पाण्याचं काम पुरं झाल्यावर. आमटी, खीर, पाक, तेल हे चहापेक्षा वाईट, कारण ते ओघळून जात नाहीत, चिकटून बसतात.

आता तुमच्या शब्दांकडे येते. 'थंड' हा शब्द मी काढून टाकेन. मराठीत थंड पाणी म्हटलं की हात फ्रिजकडे जातो, आणि मंडळाच्या स्वयंपाकघरात तर बर्फाची लादीच पडलेली असते. बर्फानं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि ज्या पट्ट्याला वाचवायचं त्याचाच रक्तपुरवठा कमी होतो. वर बधिरपणा येतो, त्यामुळे माणसाला बरं वाटतंय असं सगळ्यांना वाटतं. 'नळाचं साधं पाणी' लिहा. 'वाहत्या पाण्याखाली'सुद्धा नको. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात वाहतं पाणी म्हणजे काय, असा प्रश्न लोक विचारतात आणि तो चुकीचा नाही. 'धार धरा' म्हणा. नळ नसला तर मगानं धार धरता येते.

साधं पाणी म्हणताना आपल्याकडची एक अडचण आहे. गणपतीत नाही, पण चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंग पोळेल इतकं तापतं. तक्ता काही दहा दिवसांनी उतरवणार नाही, हळदीकुंकवाला आणि मुंजींनाही तो तिथंच असेल. म्हणून स्वयंपाकघरात सावलीत एक झाकलेला ड्रम कायम भरलेला ठेवा. किती पाणी? मिनिटाला दोन लिटर इतकी मंद धार धरली तरी वीस मिनिटांना चाळीस लिटर लागतं, म्हणजे साधारण तीन बादल्या. मदत करणाऱ्यानं पाणी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यावं. गार लागलं पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. हात किंवा पाऊल असेल तर बादलीत बुडवूनही चालतं, फक्त पाणी कोमट व्हायला लागलं की बदला.

वीस मिनिटं हा आकडा सोडू नका, आणि 'थोडा वेळ' असं तर मुळीच लिहू नका. थोडा वेळ म्हणजे दोन मिनिटं. आग कमी झाली की माणूस हात काढतो. घड्याळ लावायला सांगा, मोबाइलचं चालेल. आणखी एक गोष्ट तक्त्यावर नाही तरी तुम्हाला माहीत असावी: उशीर झाला म्हणून पाणी सोडून द्यायचं नाही. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. त्या मुलाला आम्ही चाळीस मिनिटांनंतरसुद्धा आधी वीस मिनिटं पाण्याखालीच ठेवलं आणि मग बाकीचं केलं. त्याच्याबरोबर आलेले काका चिडले होते, "हॉस्पिटलात आणलं ते आंघोळ घालायला का?" त्यांचा राग मला समजत होता.

तुमच्या मसुद्यात कपडे आणि दागिने आलेच नाहीत. मूळ इंग्रजीत ते बहुधा वेगळ्या चौकटीत असतील आणि सुटले असतील. त्यांची जागा पाण्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही, पाणी चालू असतानाच आहे. म्हणजे एकानं धार धरायची, दुसऱ्यानं मोजे, पँट, भिजलेली साडी सोडवायची. कापड गरम द्रव धरून ठेवतं, त्यावरून नुसतं पाणी ओतत बसलं तर कातडीपर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, भोवतीनं कापायचा आणि चिकटलेला तुकडा तसाच ठेवून त्यावर पाणी चालू ठेवायचं. नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या साड्या आगीनं वितळून अशा चिकटतात. बांगड्या, अंगठी, जोडवी ताबडतोब काढा, कारण सूज तासाभरात इतकी चढते की मग कटर आणावा लागतो. बायका अशा वेळीही जोडवी काढायला बिचकतात, हे मी कितीदा पाहिलंय. तक्त्यावर 'दागिने' असा गोळा शब्द लिहू नका, 'अंगठ्या, बांगड्या, जोडवी' असं नाव घेऊन लिहा. नाव घेतलं की हात तिथं जातो.

आता 'मलमपट्टी'. हा शब्द मला सगळ्यात जास्त घातक वाटतो, आणि शब्दकोशात बघाल तर अगदी बरोबर आहे. पण मावशीला 'मलमपट्टी करा' म्हटलं की ती आधी मलम शोधते. घरात असेल ते पिवळं मलम, नसेल तर खोबरेल, नाहीतर हळद आणि तूप. झाकण्यात मलमाचा काही संबंध नाही. कातडी गेली की तिथल्या उघड्या नसांना वाऱ्याची झुळूकसुद्धा झोंबते, आणि घाण आत जायला वाट होते, एवढ्यासाठी झाकायचं. 'स्वच्छ सुती कापड' लिहा. धुऊन वाळवलेला पंचा, जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा उशीचा अभ्रा चालतो. कापूस नको, त्याचे धागे जखमेत बसतात आणि आम्हाला ते चिमट्यानं एकेक काढावे लागतात.

तुमच्या मंडळात उरलेलं जेवण झाकायला क्लिंग रॅपचा रोळ असेलच. तो कापडापेक्षा चांगला, कारण जखमेला चिकटत नाही आणि डॉक्टरला त्यातून आरपार दिसतं. पहिला एक वेढा टाकून द्या, आतला भाग पुरेसा स्वच्छ असतो. मात्र तो पायाभोवती फिरवून गुंडाळायचा नाही. सूज वाढली की तोच आवळतो. पट्ट्या फाडून लांबीच्या दिशेनं वरून ठेवायच्या. चेहऱ्यावर क्लिंग रॅप लावायचा नाही. हाताला किंवा पावलाला स्वच्छ, नवी प्लास्टिकची पिशवी सैल चढवली तरी काम होतं.

राहिलं 'काय करू नये'. ते तुम्ही शेवटी ठेवलंत, बहुतेक तक्त्यांत ते तसंच असतं, आणि तिथं ते निरुपयोगी आहे. टूथपेस्ट लावली जाते ती पहिल्या मिनिटाला. शेवटच्या ओळीत तिला मनाई असून काय उपयोग? पण सगळ्यात वरही ठेवू नका, कारण मग कागदावरचा पहिला शब्द 'बर्फ' होतो, आणि पुन्हा तेच. मनाई पाण्याच्या ओळीला खेटून, तिच्या लगेच खाली हवी.

शिवाय मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'बर्फ, लोणी, टूथपेस्ट लावू नये' यात चार शब्द होकाराचे आणि पाचवा नकाराचा. घाईत तो पाचवा गळतो. त्यावर आपल्या बोलण्यातच उपाय आहे: प्रत्येक नावामागे 'नको' लावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. आई मुलाला असंच सांगते. लोणी काढून टाका, ते त्यांच्या स्वयंपाकघरातलं; आपल्याकडे तूप, हळद, बटाट्याचा कीस, शाई आणि टूथपेस्ट. टूथपेस्टमधल्या मेंथॉलनं गार वाटतं, पण नुसतं वाटतं, आतली उष्णता जागची हलत नाही. हळदीचा वेगळाच त्रास असतो. जखम लाल आहे की पांढरी पडली, यावरून ती किती खोल आहे ते ठरवायचं असतं, आणि हळदीनं सगळं पिवळं झालं की काही कळत नाही. मग ती खरवडून धुवावी लागते. तेव्हा पेशंट जे ओरडतो ते ऐकलं की लावणाऱ्यानं पुन्हा हळद हातात धरली नसती.

'फोड फोडू नयेत' ऐकायला गंमतीदार आहे, पण त्या ओळीत 'फोड' दोनदा येतं. 'फोड आला तर तसाच राहू द्या' म्हणा, नकाराची गरजच उरत नाही. आणि 'धरावा', 'झाकावे', 'नये' ही सगळी भाषा सरकारी परिपत्रकाची झाली. सरळ सांगा: धरा, काढा, ठेवा.

हे सगळं धरून मी असा तक्ता लिहीन:

पाणी! नळाचं साधं पाणी. भाजल्या जागेवर धार धरा.
बर्फ नको. टूथपेस्ट नको. हळद नको. तूप नको. मलम नको.
धार चालू असतानाच भिजलेले कपडे, मोजे, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. चिकटलेलं ओढू नका, भोवतीनं कापा.
घड्याळ लावा. पूर्ण २० मिनिटं पाणी. बाकीच्या अंगावर चादर.
मग स्वच्छ सुती कापड किंवा क्लिंग रॅप वरून सैल ठेवा. फोड आला तर तसाच राहू द्या.
तळहातापेक्षा मोठं भाजलं, किंवा तोंड, हात, पाऊल, सांधा, जांघ भाजली, किंवा लहान मूल अथवा म्हातारं माणूस असलं: १०८.

पहिला शब्द 'पाणी' आहे हे मी मुद्दाम केलं. क्रियापद नाही, 'भाजल्यास' नाही, काही नाही. वाचणारा त्या एका शब्दावर वळला तरी बरोबर दिशेनं वळेल. 'मग' हा शब्द अख्ख्या तक्त्यात एकदाच येतो, झाकण्याच्या ओळीच्या तोंडाशी. तिथं 'त्यानंतर' किंवा 'थंड केल्यावर' लिहायचा मोह होईल, 'मग' पुरे. तळहात म्हणजे भाजलेल्या माणसाचा स्वतःचा, बोटांसकट. तो साधारण त्याच्या अंगाच्या एक टक्का असतो.

चादरीची ओळ गाळू नका. वीस मिनिटं पाणी ओतताना अंग गार पडतं, विशेषतः लहान मुलांचं, आणि मोठ्या जागेवर भाजलेल्यांचं. जखमेला गारवा हवा, माणसाला ऊब हवी. मूल कुडकुडायला लागलं किंवा सुस्त झालं तर वीस मिनिटांचा हट्ट सोडा, झाका आणि निघा. १०८ ला फोन करायला पाणी संपायची वाट बघायची नाही. एकजण धार धरतो, दुसरा फोन करतो.

भाजलेली जागा पांढरी किंवा चामड्यासारखी दिसते आणि तिथं दुखत नाही, असं झालं तर लोक खूश होतात. ते उलटं लक्षण आहे: नसा जळाल्या म्हणून दुखत नाही. जागा लहान असली तरी दवाखान्यात न्या. हे तक्त्यावर मावणार नाही, पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या दोघा-तिघांना तोंडी सांगून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हेही दवाखान्यात विचारलं जातं. आणि हा तक्ता सांडलेल्या गरम पदार्थासाठी आणि साध्या आगीसाठी आहे. कपडे पेटले असतील तर आधी जमिनीवर लोळवून किंवा जाड घोंगडी टाकून आग विझवायची, आणि मग वरच्या पहिल्या ओळीपासून. विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद, त्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही, पाणी तर दूरच. ॲसिड किंवा चुन्याला हा क्रम तसाच्या तसा लागू नाही; कोरडा चुना आधी झटकावा लागतो. त्या दोघांसाठी वेगळा कागद करा, याच कागदात कोंबू नका.

छापायच्या आधी एक करून बघा. तुमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना मोरीपाशी उभं करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी दारातून तक्ता मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. फक्त त्यांचे हात कुठे जातात ते बघा. आम्ही वॉर्डातला कागद असाच तपासला होता. आमच्या पहिल्या मसुद्यात 'गार पाणी' होतं आणि मावशी सरळ फ्रिजकडे गेल्या. 'साधं' हा शब्द तेव्हा आला. 'कापड सैल ठेवा' ऐकून दुसऱ्या बाईंनी कापड ठेवलं आणि वरून दोरीनं बांधलं, म्हणून 'वरून' घातलं. तुमच्याकडे आणखी काही निघेल.

तुमचे आचारी महाराज मराठी वाचणारे नसतील, इंदुरात बहुधा नसतातच. तेव्हा खाली हिंदीतही लिहा, पण मूळ इंग्रजी तक्त्यावरून नको, या मराठीवरून करा. नाहीतर 'ढकने से पहले' पुन्हा वर येऊन बसेल.

अक्षरं दाराबाहेरून वाचता येतील इतकी मोठी ठेवा, कागद लॅमिनेट करा, आणि शेगडीच्या वर न लावता मोरीतल्या नळाच्या वर लावा. ड्रम आणि मग दोन्ही त्याच्याच खाली.